भाड्याच्या मशीनविषयीचे माझे मत

लहान कारखान्यांचे हिशोब सांभाळणे हा माझा व्यवसाय. बहुतेक कारखाने भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतींतले, दहावीस माणसांचे. मशीन भाड्याने घ्यावे की विकत, असे त्यांतल्या कुणी विचारले तर त्याचे वाक्य पुरे होण्याआधी माझे उत्तर तयार असे. विकत घ्या. कर्ज काढा, हप्ते भरा, पण मशीन आपले असू द्या. इतकी वर्षे मी हे इतक्या ठामपणे सांगितले, की ऐकणाऱ्याला त्यामागे काही गणित असेल असे वाटायचे. गणित नव्हते, फक्त एक समजूत होती.

ती कुठून आली हे मला माहीत आहे. आमचे लहानपण भाड्याच्या खोलीत गेले. महिन्याच्या पहिल्या तारखेला दिलेले पैसे परत कधी दिसत नाहीत, हे घरात सतत ऐकू यायचे. भाडे म्हणजे गेलेला पैसा आणि हप्ता म्हणजे साठलेला पैसा, अशी वाटणी मनात पक्की झाली. पुढे शिकलो, ताळेबंद वाचू लागलो, आयकराच्या तरतुदी पाठ झाल्या. समजूत मात्र तीच राहिली. तिला फक्त व्यवसायाची भाषा मिळाली, आणि त्या भाषेतला माझा आवडता शब्द होता घसारा. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, "मशीन तुमचे असेल तर घसारा तुम्हाला मिळतो. भाड्याचे घेतले तर तो मालकाच्या खात्यात जातो. करातली एवढी सवलत दुसऱ्याला का द्यायची?" वाक्यातला पहिला भाग खरा आहे. म्हणूनच ते धोक्याचे होते.

एका कारखान्याची सूत्रे वडिलांकडून मुलीकडे आली होती. वडिलांच्या वेळेपासून त्यांचे हिशोब माझ्याकडे आहेत, त्यामुळे ती मला काका म्हणते आणि मी तिला अरेतुरे करतो. कारखाना प्रायव्हेट लिमिटेड. तिला एक व्हीएमसी घ्यायची होती. जीएसटी सोडून किंमत ४० लाख. बँक १० टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज द्यायला तयार होती. दुसरीकडे एका लीज कंपनीने पाच वर्षांसाठी महिना ७२ हजार भाडे सांगितले होते. पाच वर्षांनी मशीन परत.

मी नेहमीप्रमाणे कागदाच्या कोपऱ्यात बेरीज केली. महिना ७२ हजार म्हणजे पाच वर्षांत ४३ लाख २० हजार. "४० लाखांच्या मशीनसाठी ४३ लाख भरायचे आणि शेवटी हातात काही नाही," मी म्हणालो. "शिवाय विकत घेतलेस तर पहिल्याच वर्षी सहा लाख घसारा."

तिने विचारले, "काका, घसाऱ्याचे पैसे बँकेत कधी जमा होतात?"

तिला खरेच माहिती हवी होती. तिला रोजच्या रोकडीची काळजी होती आणि ते सहा लाख कोणत्या महिन्यात येतील हे जाणून घ्यायचे होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले, की मी इतकी वर्षे हा प्रश्न पडूच नये अशा रीतीने बोलत आलो होतो. घसाऱ्याचे पैसे कुठेच जमा होत नाहीत. घसारा ही वहीतली नोंद आहे. त्या नोंदीमुळे करपात्र नफा कमी होतो, आणि नफा कमी झाल्यामुळे जो कर भरावा लागत नाही तेवढाच खरा पैसा. २०१९ मध्ये कंपन्यांसाठी जो २२ टक्क्यांचा दर आला तो तिच्या कंपनीने निवडला होता. अधिभार आणि उपकर मिळवून तो सुमारे २५.१७ टक्के होतो. हिशोबासाठी २५ धरू. सहा लाखांच्या घसाऱ्यावर वाचणारा कर दीड लाख, तोही अग्रिम कराच्या हप्त्यांतून कमी होणारा. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. मला ठाऊक होते आणि तरी मी "सहा लाख" म्हणत होतो, कारण सहा लाख ऐकायला भारी वाटतात. हिशोबाच्या माणसाने असे बोलणे म्हणजे समोरच्याच्या अज्ञानावर आपले मत उभे करणे.

दुसरी गोष्ट त्याच कागदावर दिसत होती. भाड्याची मी साठ महिन्यांची बेरीज केली होती आणि ती मशीनच्या किमतीशी ताडून पाहिली होती. पण किंमत ती रोख कुठे मोजणार होती? ४० लाखांच्या कर्जाचा हप्ता महिना सुमारे ८५ हजार, म्हणजे पाच वर्षांत ५१ लाख. ४३ च्या शेजारी काही मांडायचेच होते तर ५१ मांडायला हवे होते. मी ते कधीच मांडले नव्हते. भाड्याच्या बाजूला व्याजासकट आकडा आणि मालकीच्या बाजूला व्याजाशिवाय, असा तराजू घेऊन मी सल्ले देत होतो.

त्या दिवशी मी तिला एवढेच म्हणालो की नीट मांडून दाखवतो. घरी आल्यावर दोन्ही बाजूंची रोकड वर्षावर्षाने लिहायला घेतली.

आधी दर ठरवावा लागतो, कारण पाचव्या वर्षी वाचणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. इथे कोणता दर घ्यायचा याचे उत्तर सोपे आहे, पण मी ते पूर्वी कधी मनापासून पटवून घेतले नव्हते. लीज ही कर्जाची जागा घेते. भाड्याचे बंधन हे हप्त्याच्या बंधनासारखेच असते. म्हणून दोन्हींकडची रोकड कर्जाच्या करोत्तर दराने आजच्या मूल्यात आणायची. व्याज १० टक्के, त्यावर २५ टक्के कर वाचतो, म्हणून खरा दर साडेसात टक्के.

इथे एक चूक हमखास होते. कर्जाच्या व्याजावर वाचणारा कर काही जण आधी वेगळा वजा करतात आणि नंतर पुन्हा साडेसात टक्केच वापरतात. एकच सवलत दोनदा मोजली जाते आणि खरेदी आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते. मी खात्री करून घेण्यासाठी कर्ज वेगळे मांडून पाहिले. वर्षाला एक हप्ता धरला तर तो १० लाख ५५ हजारांचा येतो. प्रत्येक हप्त्यातून त्या वर्षीच्या व्याजावरची करबचत वजा केली, पाचही रकमा साडेसात टक्क्यांनी आजच्या मूल्यात आणल्या. बेरीज बरोबर ४० लाख. म्हणजे कर्ज आणि त्यावरची करबचत या दराच्या पोटातच आहे. खरेदीच्या बाजूला सुरुवातीला ४० लाख लिहिले की व्याजाचा विषय संपला.

मग घसारा. आयकरात साध्या यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के, आणि तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर. पहिल्या वर्षी ६ लाख, दुसऱ्या वर्षी ५ लाख १० हजार, मग ४ लाख ३४ हजार, ३ लाख ६८ हजार आणि पाचव्या वर्षी ३ लाख १३ हजार. यांवर वाचणारा कर दीड लाखापासून सुरू होऊन ७८ हजारांपर्यंत उतरतो. पाच वर्षांची ही करबचत आजच्या मूल्यात ४ लाख ६१ हजार भरली.

हा आकडा मी दोनदा तपासला. ४० लाखांच्या मशीनवर, पाच वर्षांत, माझ्या त्या लाडक्या घसाऱ्याचे मोल साडेचार लाखांच्या आसपास. पाच वर्षांनंतरही ४० पैकी १७ लाख ७५ हजार कराच्या वहीत तसेच शिल्लक राहतात, कारण उरलेल्यावर १५ टक्के घेत गेले की तो आकडा शून्याला कधी पोचतच नाही. उत्पादन करणाऱ्या उद्योगाला नव्या मशीनवर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसारा मिळू शकतो. तो भागीदारी संस्थेला मिळतो. २२ टक्क्यांचा दर निवडणाऱ्या कंपनीला तो सोडावा लागतो. तिच्यासाठी ती दारे बंद होती. मी मात्र भागीदारी असो वा कंपनी, सर्वांना एकच सल्ला देत आलो होतो.

आता भाड्याची बाजू. महिन्याचे ७२ हजार वर्षअखेरच्या पैशात, मधल्या महिन्यांचे व्याज धरून, सुमारे ९ लाख होतात. भाडे हा धंद्याचा खर्च, त्या वर्षीच पूर्ण वजावट. ९ लाखांवर वाचणारा कर सव्वादोन लाख, दरवर्षी तेवढाच. पाच वर्षांचे त्याचे आजचे मूल्य काढले. ९ लाख १० हजार.

या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. घसाऱ्याची करबचत ४ लाख ६१ हजार आणि भाड्याची ९ लाख १० हजार. जवळजवळ दुप्पट. "भाड्याने घेतलेस तर करातली सवलत दुसऱ्याला जाते" हे वाक्य मी किती जणांना ऐकवले होते! सवलत जात नाही, तिचे रूप बदलते, आणि १५ टक्क्यांच्या संथ घसाऱ्यापेक्षा ती जास्त आणि लवकर हातात येते. अर्थात याचा उलटा गैरसमजही करून घ्यायचा नाही. भाड्याची वजावट मोठी असते ती भाडे मोठे असते म्हणून. नऊ लाखांवर सव्वादोन लाख वाचले तरी पावणेसात लाख खिशातून जातातच. म्हणून नुसती करबचत करबचतीसमोर ठेवणे पुरेसे नाही. निव्वळ किती गेले ते पाहायचे.

भाड्याचे निव्वळ: वर्षाला पावणेसात लाख, पाच वर्षांचे आजचे मूल्य २७ लाख ३१ हजार.

खरेदीचे निव्वळ काढायला आणखी एक आकडा हवा, पाच वर्षांनी मशीन विकून काय येईल. मी १२ लाख धरले. आजच्या मूल्यात ते ८ लाख ३६ हजार. मग प्रश्न आला की वहीत १७ लाख ७५ हजार शिल्लक असताना मशीन १२ लाखांना विकले तर मधल्या पावणेसहा लाखांचे काय. पुष्कळांना वाटते की तो तोटा त्या वर्षी वजा मिळतो. आपल्या आयकरात तसे नाही. एकाच दराची सगळी यंत्रे एका ब्लॉकमध्ये असतात. मशीन विकले की आलेली रक्कम ब्लॉकमधून वजा होते आणि बाकी तिथेच राहून पुन्हा १५ टक्क्यांनी झिजत राहते. कारखान्यात दुसरी यंत्रे असेपर्यंत तो ब्लॉक जिवंत असतो. त्या उरलेल्या रकमेवर पुढे कधीतरी वाचणाऱ्या कराचे आजचे मोल ६७ हजार आले.

४० लाखांतून ४ लाख ६१ हजार, ८ लाख ३६ हजार आणि ६७ हजार गेले. उरले २६ लाख ३६ हजार, पैसेपैसे धरून २६ लाख ३७ हजार.

भाडे २७ लाख ३१ हजार, खरेदी २६ लाख ३७ हजार. खरेदी स्वस्त होती. माझे उत्तर बरोबर होते, असे मी स्वतःला सांगू शकलो असतो, आणि पहिली भावना तीच होती. पण फरक होता ९४ हजारांचा, पाच वर्षांच्या एवढ्या मोठ्या व्यवहारात एक लाखसुद्धा नाही. आणि या ९४ हजारांमागे मी अंदाजाने टाकलेला एक आकडा उभा होता, ते १२ लाख.

म्हणून मी तो आकडा हलवून पाहिला. विक्रीची किंमत एक लाखाने उतरली की खरेदीचा खर्च ५८ हजारांनी वाढतो. ब्लॉकमधली बाकी थोडी वाढते, तिची करबचत थोडी भर घालते, म्हणून पूर्ण ७० हजार नाहीत. १२ लाखांच्या जागी १० लाख ४० हजार आले की दोन्ही बाजू सारख्या. त्याखाली भाडे स्वस्त. म्हणजे पाच वर्षांनी ती व्हीएमसी साडेदहा लाखांना विकली जाते की साडेनऊ, यावर सगळे उत्तर अवलंबून होते, आणि मी आयुष्यात कधी जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. बारा लाख मी कुठून आणले होते? कुठूनही नाही. सत्तर टक्के उतरेल असे वाटले म्हणून लिहिले. घसाऱ्याचे पाचही आकडे हजारांपर्यंत नेमके काढायचे आणि ज्याने निर्णय फिरतो तो आकडा हवेतून घ्यायचा, हा माझ्या व्यवसायातला नेमकेपणा.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन जुन्या मशीनच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने किंमत सांगण्याआधी जे विचारले ते माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हते. स्पिंडल किती तास चालेल, दोन पाळ्या की तीन. काम ॲल्युमिनियमचे की ओतीव लोखंडाचे, कारण ओतीव लोखंडाची बारीक धूळ स्लाइड खाते. कंट्रोलर कोणता, आणि पाच वर्षांनी त्याचे सुटे भाग मिळतील का. बॉलस्क्रू बदलायला आला असेल तर गिऱ्हाईक तेवढे पैसे कापूनच भाव करतो. तिच्याकडचे काम ओतीव लोखंडाचे होते आणि तीन पाळ्यांचे. तो म्हणाला, "ताई, अशा मशीनला नऊ-साडेनऊच्या वर कुणी देईल असं मला नाही वाटत."

नऊ लाखांवर खरेदीचा खर्च २८ लाख ११ हजार होतो. भाडे ८० हजारांनी स्वस्त. माझे पिढीजात मत एका माणसाच्या एका वाक्याने उलटले होते, आणि त्या वाक्यात कराचा कुठे उल्लेखही नव्हता.

आणखी एक समजूत याच सुमारास गेली, आणि ती पुस्तकी होती. वित्त व्यवस्थापनाच्या परदेशी पुस्तकांत मी शिकलो होतो की ज्या कंपनीला कर भरावा लागत नाही तिने भाड्याने घ्यावे. तिला घसाऱ्याचा उपयोग नाही, मालकाला आहे, तो आपला फायदा भाड्यातून थोडा वाटून देतो. ते मी तसेच सांगत असे. या वेळी मांडून पाहिले. मागचे तोटे इतके आहेत की पाच वर्षे कर नाहीच, असे धरले. मग करबचत दोन्हीकडे शून्य, आणि दर साडेसात नाही, पूर्ण १० टक्के. १२ लाखांची विक्री धरून खरेदी ३२ लाख ५५ हजार, भाडे ३४ लाख १२ हजार. फरक ९४ हजारांवरून दीड लाखावर गेला, तोही खरेदीच्या बाजूने. पुस्तकातले विधान खोटे नाही, पण ते ज्या देशात पहिल्या वर्षांत भरघोस घसारा मिळतो तिथले आहे. तिथे मालकीची करबचत लवकर येते, म्हणून ज्याला कर नाही त्याचे मोठे नुकसान होते. आपल्याकडे १५ टक्क्यांनी ती रेंगाळत येते, भाड्याची वजावट मात्र लगेच मिळते, म्हणून कर नसलेल्याचे नुकसान भाड्याच्या बाजूला जास्त. लीज कंपनीलाही तोच संथ घसारा मिळतो, मग ती वाटून तरी काय देणार? तोटा पुढे ओढायचा झाला तरी दोन बाजू सारख्या नाहीत. न वापरलेला घसारा कितीही वर्षे पुढे नेता येतो, भाड्यामुळे झालेला धंद्यातला तोटा आठच वर्षे. वाचलेले आणि दुसऱ्याला सांगितलेले एक विधान मी कधी आपल्या कायद्याच्या दरात घालून पाहिले नाही, याची मला आजही लाज वाटते.

तिने अखेर भाड्याने घेतली, पण ८० हजारांसाठी नाही. एवढ्या फरकावर निर्णय घेऊ नये हे तिला माझ्याआधी कळले होते. तक्त्यात मी पूर्ण किमतीचे कर्ज धरले होते, पण बँक किमतीच्या ७५ टक्केच देणार होती; १० लाख मार्जिन तिला चालू भांडवलातून काढावे लागले असते, आणि त्याच महिन्यांत नव्या ऑर्डरसाठी कच्चा माल भरायचा होता. शिवाय तिची ऑर्डर पाच वर्षांचीच होती. मी करार वाचायला बसलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा लीजचा करार शेवटच्या पानापर्यंत वाचला. भाड्याने घेतले की हवे तेव्हा सुटता येते, हा लीजवाल्यांचा दावा त्यात कुठे नव्हता. तिसऱ्या वर्षी मशीन परत केले तर उरलेल्या बहुतेक भाड्याची मागणी होती. विमा आणि दुरुस्ती तिच्याच माथी. त्यावर तिने घासाघीस केली आणि चौथ्या वर्षापासून थोडी सवलत मिळवली. दुसरे एक कलम मी तिला काढायला लावले. मुदत संपल्यावर नाममात्र रकमेत मशीन तिच्या नावावर करण्याचे ते कलम होते आणि लीज कंपनीने ते कौतुकाने दाखवले होते. असे कलम असले की आयकर अधिकारी त्या व्यवहाराला हप्त्यांवरची खरेदी मानू शकतो, आणि मग भाड्याची पूर्ण वजावट, जिच्यावर आमचा सगळा तक्ता उभा होता, तीच हातून जाते.

विकत घेणाऱ्यांच्या बाबतीतही आता मी कॅलेंडर पाहतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरलेल्या मशीनला त्या वर्षी अर्धाच घसारा. ऑक्टोबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांनंतर सुरू झालेले मशीन यात सापडते, आणि बिल सप्टेंबरचे असून उपयोग नाही. खोक्यात पडलेल्या मशीनला घसारा नसतो, ते चालू झालेले असावे लागते. जीएसटीचे १८ टक्के दोन्हीकडे लागतात आणि परत मिळतात. खरेदीत मात्र ते ७ लाख २० हजार एकदम भरावे लागतात, आणि त्यांची वजावट घ्यायची तर तेवढी रक्कम मशीनच्या किमतीत मिळवून तिच्यावर घसारा घेता येत नाही. पूर्वी या गोष्टी मी रिटर्न भरताना पाहायचो, निर्णय होऊन गेल्यावर.

माझे मत बदलले म्हणजे मी आता सर्वांना भाड्याने घ्या म्हणतो असे नाही. तसे केले असते तर एक हट्ट सोडून दुसरा धरला असता. मध्यंतरी पंप बनवणारा एक कारखानदार तसल्याच व्हीएमसीसाठी आला. त्याचे स्वतःचे उत्पादन आहे, एक पाळी चालते, आणि त्याचे जुने मशीन बारा वर्षे झाली तरी कामावर आहे. त्याच्यासाठी पाच वर्षांचा तक्ता मांडणे हेच चुकीचे होते. तेच ४० लाखांचे मशीन दहा वर्षे वापरून शेवटी ५ लाखांना विकायचे धरले, तर मालकीचा करोत्तर भार वर्षाला ४ लाख ५६ हजारांवर येतो. भाड्याचा पावणेसात लाख. दुरुस्तीला दरवर्षी लाख-दीड लाख धरले तरी खरेदी पुढे राहते. तो कंपनी नाही, भागीदारी संस्था आहे, तेव्हा २० टक्के जादा घसारा त्याला मिळतो, पण ३० टक्क्यांच्या वरच्या कर दराने भाड्यावरची करबचतही वाढते, म्हणून हा फरक जवळपास तेवढाच राहतो.

मी त्याला विकत घ्या असे सांगितले. सांगताना जुना आनंद झाला, आपलेच म्हणणे खरे ठरल्याचा. तो आनंद ओळखू आल्यामुळे मी त्याला थांबवले आणि त्याच्यासमोर तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून काढला, विक्रीचे ५ लाख शून्य धरून. खरेदीच निघाली. मग त्याला त्याच व्यापाऱ्याचा पत्ता दिला आणि म्हटले, ऑर्डर देण्याआधी कंट्रोलरचे विचारून घ्या.